चक्रीय अल्कीनांमधील ब्रोमिनचे विरुद्ध-पार्श्व समावेशन : सायक्लोहेक्झीन आणि कोलेस्टेरॉल यांचा तुलनात्मक विचार

सारांश

अल्कीनच्या दुहेरी बंधावर ब्रोमिनचे समावेशन होताना दोन ब्रोमिन अणू बंधाच्या परस्परविरुद्ध बाजूंनी जोडले जातात. ब्रोमोनियम आयन या त्रिकोणी मध्यस्थाच्या आधारे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पदवी स्तरावर त्यासाठी सायक्लोहेक्झीनचे उदाहरण रूढ आहे. मात्र या उदाहरणातून अभिक्रियेचा एक महत्त्वाचा भाग दिसत नाही : ब्रोमोनियम वलय कोणत्या कार्बनपाशी उघडते, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखात कोलेस्टेरॉलच्या ब्रोमिनीकरणाच्या साहाय्याने हा भाग स्पष्ट केला असून या नियमाच्या मर्यादाही नोंदविल्या आहेत.

बीजशब्द : ब्रोमोनियम आयन, विरुद्ध-पार्श्व समावेशन, अक्षीय स्थान, सायक्लोहेक्झीन, कोलेस्टेरॉल डायब्रोमाइड

१. प्रस्तावना

ब्रोमिनचे तांबूस द्रावण अल्कीनमध्ये थेंबाथेंबाने टाकले असता त्याचा रंग नाहीसा होतो. असंपृक्ततेची ही कसोटी सर्वपरिचित आहे. रंग जातो म्हणजे ब्रोमिन दुहेरी बंधावर जोडले गेले, एवढाच बोध त्यातून होतो. जोडले गेलेले दोन अणू अवकाशात कोठे बसले, हा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे आणि त्याचे उत्तर अभिक्रियेच्या यंत्रणेत आहे.

ब्रोमिनचे दोन्ही अणू एकाच वेळी एकाच बाजूने जोडले जात असते, तर सायक्लोहेक्झीनपासून सिस समघटक मिळाला असता. प्रत्यक्षात ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन मिळते. शिवाय १९२५ मध्ये फ्रान्सिस यांनी असे दाखविले होते की, मिठाच्या जलीय द्रावणात एथिलीन आणि ब्रोमिन यांची अभिक्रिया केल्यास १-ब्रोमो-२-क्लोरोएथेनही तयार होते. क्लोराइड आयन एकटा अल्कीनवर जोडला जात नाही. त्यामुळे समावेशन दोन टप्प्यांत होते, पहिल्या टप्प्यात धनप्रभारित मध्यस्थ तयार होतो आणि दुसऱ्या टप्प्यात त्याला उपलब्ध असलेला कोणताही ऋण आयन गाठू शकतो, हे मान्य करावे लागते.

२. ब्रोमोनियम आयनाची संकल्पना

हा मध्यस्थ साधा कार्बोकॅटायन मानला, तर ट्रान्स उत्पादनाचा आग्रह समजत नाही. कारण सपाट कार्बोकॅटायनावर दोन्ही बाजूंनी आक्रमण शक्य असते. १९३७ मध्ये रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी सुचविले की, जोडला गेलेला पहिला ब्रोमिन अणू आपली एकाकी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बनलाही देतो आणि दोन कार्बन व एक ब्रोमिन यांचे तीन अणूंचे वलय तयार होते. धनप्रभार मुख्यत्वे ब्रोमिनवर राहतो. ब्रोमिनने दुहेरी बंधाची एक बाजू व्यापलेली असल्याने ब्रोमाइड आयनाला पाठीमागूनच यावे लागते. तो एका कार्बनवर मागून आघात करतो आणि त्याच कार्बनचा ब्रोमिनशी असलेला पुढचा बंध तुटतो. विरुद्ध-पार्श्व समावेशन ते हेच.

ही कल्पना दीर्घकाळ अनुमानाच्या पातळीवर होती. पुढे अतितीव्र आम्लांच्या द्रावणात असे आयन ओलाह यांनी १९६० च्या दशकात चुंबकीय अनुस्पंदनाद्वारे पाहिले. १९६९ मध्ये अॅडमँटिलिडीनअॅडमँटेन या अल्कीनपासून ब्रोमोनियम क्षार स्थायुरूपात वेगळा करण्यात आला. या रेणूतील दुहेरी बंधाभोवती दोन अवजड पिंजरे असल्याने ब्रोमाइडला पाठीमागून शिरकाव मिळत नाही. साहजिकच अभिक्रिया पहिल्याच टप्प्यावर थांबते. या आयनाची स्फटिकरचना १९८५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाली. त्यामुळे तीन अणूंचे वलय ही आता केवळ कागदावरची आकृती राहिलेली नाही.

३. सायक्लोहेक्झीन काय दाखविते आणि काय लपविते

सायक्लोहेक्झीनचा ब्रोमोनियम आयन सममित आहे. त्याचे दोन्ही कार्बन सारखेच असल्याने ब्रोमाइडचा आघात दोहोंवर समान प्रमाणात होतो. एकावरील आघाताने आर,आर तर दुसऱ्यावरील आघाताने एस,एस समघटक मिळतो. म्हणून उत्पादन रेसेमिक असते आणि ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवीत नाही. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची गल्लत होते : उत्पादन प्रकाशीयदृष्ट्या निष्क्रिय आहे, म्हणून ते मेसो असावे असे उत्तर लिहिले जाते. मेसो असतो तो सिस समघटक. ट्रान्स समघटकाचा प्रत्येक रेणू किरल असतो. केवळ समप्रमाणामुळे परिणाम शून्य होतो. त्यामुळे निष्क्रियता हा सिस आणि ट्रान्स यांच्यात निवाडा करणारा पुरावा ठरू शकत नाही.

आता अधिक सूक्ष्म प्रश्नाकडे वळू. सहा कार्बनांच्या खुर्चीसदृश वलयावर प्रत्येक कार्बनला दोन स्थाने असतात : वलयाच्या प्रतलाला लंब असे अक्षीय आणि प्रतलालगत बाहेर जाणारे विषुववृत्तीय. शेजारच्या कार्बनांवरील ट्रान्स ब्रोमिन अणू दोन्ही अक्षीय असू शकतात किंवा दोन्ही विषुववृत्तीय. ब्रोमाइडचा आघात आणि सुटणारा बंध एका सरळ रेषेत असावे लागतात. ही अट पाळून वलय सरळ खुर्ची संरूपणात उघडायचे असेल, तर उत्पादन जन्मतः द्विअक्षीयच असते. द्विविषुववृत्तीय उत्पादन थेट मिळण्यासाठी वलयाला आधी पिळवटलेल्या होडीसारखे, अधिक ऊर्जेचे संरूपण घ्यावे लागते.

सायक्लोहेक्झीनमध्ये मात्र हे पाहता येत नाही. तयार झालेले वलय सामान्य तापमानाला सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि प्रत्येक उलटण्यात अक्षीय स्थाने विषुववृत्तीय होतात. आपल्या हाती येते ते दोन्ही संरूपणांचे समतोल मिश्रण. त्यातील प्रमाण द्रावकाच्या ध्रुवीयतेवर अवलंबून असते. म्हणजे सायक्लोहेक्झीन ‘ट्रान्स’ एवढेच सांगते. ‘द्विअक्षीय’ हे सांगत नाही. त्यासाठी उलटू न शकणारे वलय हवे.

४. कोलेस्टेरॉलची साक्ष

कोलेस्टेरॉलमध्ये चार वलये एकमेकांना जखडलेली असतात आणि दुहेरी बंध कार्बन-५ व कार्बन-६ यांच्यामध्ये असतो. रेणूच्या वरच्या, म्हणजे बीटा बाजूला, कार्बन-१० वर अक्षीय मिथिल गट उभा असतो. त्यामुळे ब्रोमिन खालच्या, म्हणजे अल्फा बाजूने येते आणि ब्रोमोनियम वलय अल्फा बाजूला तयार होते. ब्रोमाइडला आता बीटा बाजूने यायचे आहे. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत.

पहिला पर्याय कार्बन-५ चा. हा तृतीयक कार्बन असल्याने धनप्रभाराचा अधिक वाटा त्याच्याकडे असतो. मार्कोव्निकॉव्ह यांच्या नियमाची सवय असलेला विद्यार्थी याचीच निवड करील. त्यातून ५-बीटा,६-अल्फा डायब्रोमाइड मिळेल. दुसरा पर्याय कार्बन-६ चा. त्यातून ५-अल्फा,६-बीटा डायब्रोमाइड मिळेल. दोन्ही उत्पादने ट्रान्स आहेत, दोन्ही विरुद्ध-पार्श्व समावेशनाशी सुसंगत आहेत. फरक असा की, पहिले द्विविषुववृत्तीय आहे आणि दुसरे द्विअक्षीय.

प्रयोगात प्रथम मिळते ते ५-अल्फा,६-बीटा, म्हणजे द्विअक्षीय डायब्रोमाइड. कार्बन-५ चे इलेक्ट्रॉनीय आकर्षण येथे वलयाच्या भूमितीपुढे मागे पडते. दोन्ही ब्रोमिन अणू एकाच मूलद्रव्याचे असल्याने कोणता आधी आला हे सूत्रावरून कळत नसते. परंतु जखडलेल्या वलयातील त्यांची दिशा ते सांगून जाते.

हे द्विअक्षीय डायब्रोमाइड स्थिर नाही. द्रावणात ठेवले असता त्याचे हळूहळू ५-बीटा,६-अल्फा समघटकात रूपांतर होते आणि समतोलात हा द्विविषुववृत्तीय समघटक वरचढ ठरतो. या काळात द्रावणाचे प्रकाशीय घूर्णन ऋण बाजूकडून धन बाजूकडे सरकते. बार्टन आणि मिलर यांनी १९५० मध्ये या दोन डायब्रोमाइडांच्या त्रिमितीय रचनेचा उलगडा केला, तर ग्रोब आणि विन्स्टाइन यांनी १९५२ मध्ये ५,६-डायब्रोमोकोलेस्टेनच्या अशाच रूपांतराच्या यंत्रणेचा अभ्यास केला. तात्पर्य, जे आधी तयार होते ते अधिक स्थिर असतेच असे नाही. मिश्रण बराच काळ ठेवून मग विश्लेषण करणाऱ्याला नेमका उलट निष्कर्ष मिळेल.

दोन समघटक ओळखण्याची एक सोपी रासायनिक कसोटीही आहे. आयोडाइड आयन शेजारचे दोन ब्रोमिन काढून पुन्हा दुहेरी बंध निर्माण करतो, मात्र त्यासाठी ते दोन बंध परस्परविरुद्ध दिशांना, एका प्रतलात असावे लागतात. द्विअक्षीय समघटकात ही मांडणी तयारच असते, म्हणून तो अॅसिटोनमधील सोडियम आयोडाइडशी कितीतरी अधिक वेगाने अभिक्रिया करतो आणि मुक्त झालेल्या आयोडिनचा तपकिरी रंग दिसतो. द्विविषुववृत्तीय समघटक या बाबतीत मंद असतो.

५. प्रयोगशाळेतील उपयोग

या अभिक्रियेचा आधार घेऊन फीझर यांनी कोलेस्टेरॉलच्या शुद्धीकरणाची पद्धत रूढ केली. बाजारातील १५० ग्रॅम कोलेस्टेरॉल शुष्क ईथरमध्ये विरघळवून त्यात ६८ ग्रॅम ब्रोमिनचे अॅसेटिक आम्लातील द्रावण मिसळतात. म्हणजे सुमारे ०.३९ मोलला ०.४२५ मोल, थोडेसेच अधिक. थोड्याच वेळात डायब्रोमाइडचा घट्ट लगदा जमतो. कोलेस्टॅनॉलसारखी, दुहेरी बंध नसलेली अशुद्धी गाळून निघणाऱ्या द्रवात राहते. ब्रोमिनच्या द्रावणात निर्जल सोडियम अॅसिटेट घालतात, ते उप-अभिक्रियांतून निर्माण होणारे हायड्रोजन ब्रोमाइड शोषण्यासाठी. नंतर जस्ताच्या भुकटीने ब्रोमिन काढले की मूळ दुहेरी बंध परत मिळतो. डायब्रोमाइड टिकाऊ नसल्याने ही पुढची पायरी लांबणीवर टाकू नये.

६. नियमाच्या मर्यादा

विरुद्ध-पार्श्व समावेशन ब्रोमोनियम वलय शाबूत असेपर्यंतच काटेकोर राहते. दुहेरी बंधाला बेंझिन वलय जोडलेले असेल, उदाहरणार्थ इंडीनमध्ये, तर धनप्रभार त्या कार्बनवर स्थिरावतो, ब्रोमोनियम वलय सैल होते आणि ट्रान्सबरोबर सिस उत्पादनही मिळते. नॉर्बोर्नीनमध्ये सांगाड्याचीच पुनर्रचना होते आणि सरळ १,२-समावेशनाखेरीज अन्य उत्पादने दिसतात. द्रावकात पाणी असल्यास ब्रोमाइडऐवजी पाणीच आघात करते. सायक्लोहेक्झीनपासून तेव्हा ट्रान्स-२-ब्रोमोसायक्लोहेक्झॅनॉल मिळते. ब्रोमिनचा रंग येथेही जातो, त्यामुळे रंग जाणे हा डायब्रोमाइड मिळाल्याचा पुरावा नव्हे. तीव्र प्रकाशात मुक्तमूलक मार्ग खुला होऊन दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवर प्रतियोजन होऊ शकते, म्हणून हा प्रयोग थंड तापमानाला आणि प्रकाशापासून दूर करणे इष्ट.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सायक्लोहेक्झीन व कोलेस्टेरॉल ही उदाहरणे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ब्रोमिन अणू कोणत्या बाजूंनी येतात, याचे उत्तर सायक्लोहेक्झीन देते. ब्रोमोनियम वलय कोठे उघडते, याचे उत्तर जखडलेले वलयच देऊ शकते. अध्यापनात सायक्लोहेक्झीनचे उत्पादन फळ्यावर थेट द्विविषुववृत्तीय रूपात काढण्याऐवजी प्रथम द्विअक्षीय रूपात काढून मग वलय उलटून दाखविल्यास हा दुवा विद्यार्थ्यांच्या लक्षात येतो, आणि कोलेस्टेरॉलचे उदाहरण अपवाद म्हणून पाठ करावे लागत नाही.