निरोपाच्या जेवणाला किती पानं?

मे महिन्याचा शेवट आला की सरकारी कार्यालयांत हार-तुऱ्यांची गडबड उडते. पूर्वी मुलाची जन्मतारीख घरात कुणाला नक्की सांगता येत नसे, तेव्हा शाळेत नाव घालताना गुरुजी सरळ 1 जून लिहून टाकत. सरकारी नोकरीत माणूस निवृत्त होतो तो महिन्याच्या अखेरच्या दिवशी, आणि एक तारखेला जन्मलेल्याला आधीच्याच महिन्याची अखेर लागू पडते. त्यामुळे या कागदोपत्री 1 जूनवाल्यांची पाठवणी एकदम 31 मे रोजी होते. एकाच संध्याकाळी तीन-तीन निरोप समारंभ येतात, आणि ज्याचं आमंत्रण नीट नसतं त्याच्याकडे माणसं फिरकत नाहीत.

एका टपाल कार्यालयाचं उदाहरण घेऊ. काउंटरवर उभी हयात घालवलेल्या एका बाई निवृत्त होणार आहेत. जन्मतारीख 1 जून 1966, केंद्र सरकारची नोकरी, निवृत्तीचं वय 60. म्हणजे तारीख ठरली 31 मे 2026. पण त्या दिवशी रविवार आहे. निवृत्ती कागदावर रविवारीच होईल, समारंभ मात्र शनिवारी, 30 मे रोजी घ्यावा लागेल. आमंत्रणात नुसतं ‘31 मे रोजी सेवानिवृत्ती’ एवढंच ठळक असलं, तर निम्मे लोक रविवारी येऊन बंद दारासमोर उभे राहतील. म्हणून समारंभाची तारीख वारासकट आणि सगळ्यात वर हवी.

वेळेचंही तसंच. ‘सायंकाळी 6’ म्हणजे भाषणं की जेवण? शेवटची एसटी गाठणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं.

सगळ्यात नाजूक मामला वर्गणीचा. कार्यालयात 40 जण आहेत. हॉटेलवाल्यानं हॉलसकट ताटाचे 250 रुपये सांगितले, की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘काढा अडीचशे अडीचशे.’ इथेच हिशेब चुकतो. बाई आणि त्यांच्या घरची माणसं मिळून 6 पानं बिनवर्गणीची आहेत. 46 ताटांचे होतात 11,500 रुपये आणि जमतात 10,000. वर्गणी 300 ठेवली तर 12,000 येतात. उरलेल्या 500 रुपयांत शाल, श्रीफळ आणि हार बसतो. प्रत्यक्षात 30 जणच आले तरी जमलेले 9,000 आणि 36 ताटांचे 9,000 अशी तोंडमिळवणी होते, शालीचं तेवढं वेगळं पाहावं लागतं. तिसाच्या खाली आकडा गेला, की खिशात हात घालायची पाळी आयोजकावर येते.

भेटवस्तूचे पैसे यात मिसळू नयेत. जेवणाला येणारा सगळ्यांसारखे 300 देईल. भेटीसाठी कुणी 100 देईल, कुणी 1,000, कुणी काहीच देणार नाही. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकणं तर फार वाईट. नुकता लागलेला पोस्टमन ती यादी पाहून न परवडणारी रक्कम देतो.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांनी हे ओळखलं आहे. नियम 14 खाजगी, अनौपचारिक निरोपाला मुभा देतो. पण वर्गणीसाठी कुणावर दबाव आणायला मनाई करतो. निवृत्त होणारी व्यक्ती वरच्या वर्गातली अधिकारी असेल, तर वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करायलाच बंदी आहे. बाई स्वतः वर्ग तीनमधल्या, म्हणून इथे सहकाऱ्यांनी आपखुशीनं वर्गणी काढायला हरकत नाही. साहेबांच्या निरोपाला तोच कागद फिरवला, तर नियम मोडतो.

राहिलं उत्तर. ग्रुपवर आमंत्रण टाकलं की अंगठ्यांची रांग लागते. तो अंगठा ‘वाचलं’ म्हणतो की ‘येतो’, हे हॉटेलवाल्याला कसं सांगणार? त्याला पानांचा आकडा दोन दिवस आधी हवा असतो, म्हणून उत्तराची मुदत त्याच्याही एक दिवस आधीची ठेवावी आणि उत्तर एकाच माणसाकडे मागावं. मजकूर इतका पुरतो:

‘सस्नेह नमस्कार. आपल्या बाईंचा निरोप समारंभ शनिवार, 30 मे 2026 रोजी आहे. स्थळ: स्टेशनसमोरच्या हॉटेलचा पहिला मजला, लिफ्ट आहे. सत्कार 6 वाजता, जेवण 7.30 वाजता. जेवणाची वर्गणी 300 रुपये. भेटीसाठी ऐच्छिक, रक्कम गुप्त राहील. बुधवार, 27 मेपर्यंत हेड क्लार्कना “येणार” किंवा “येणार नाही” एवढं कळवा. शाकाहारी की मांसाहारी, तेही लिहा. ऑनलाइन पैसे पाठवताना आपलं नाव टाका. फक्त सत्काराला येणाऱ्यांनी वर्गणी द्यायची नाही. त्यांनी जरूर यावं.’

बुधवारी संध्याकाळी ज्यांचं उत्तर आलेलं नाही, त्यांना हेड क्लार्कनं ग्रुपवर न टोकता एकेकाला फोन करावा. बाईंच्या घरून नक्की किती जण येणार, हे मात्र बाईंनाच विचारावं. माहेरची माणसं निघाली, तर सहाची नऊ पानं व्हायला वेळ लागत नाही.