सी कुठला, डी कुठला?

बर्लिनहून मुलीने व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात बाबांनी मोबाइल डब्याला टेकवून मॉनिटरसमोर उभा केला. विंडोज 10 असलेला पेनड्राइव्ह लावून, F12 दाबून त्यावरून संगणक सुरू झाला. त्यांनी ‘Custom’ निवडलं आणि खरी कसोटी तिथेच लागली.

“यात सी-डी काहीच दिसत नाही गं!”

या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं नसतात, नुसतं ‘Drive 0 Partition 3’ असं येतं. घाईत इथेच लोकांचे वर्षांचे फोटो पुसले जातात. ओळखायचं ते आकारावरून.

“बाबा, प्रत्येक ओळीतला Total size वाचा.”

एक 150 जीबी, एक 315, बाकी किरकोळ. फोटो मोठ्या डी ड्राइव्हवर होते, हे तिला ठाऊक होतं.

“फक्त 150 वालं फॉरमॅट करा. 315 ला हात लावू नका. आणि Delete कुठेच दाबू नका.”

बाबांनी ओळ निवडली, बोटाने पडद्यावर दाखवली, तिने हो म्हटल्यावरच क्लिक केलं. फाइली उतरल्या, संगणक आपोआप बंद होऊन सुरू झाला.

“पुन्हा F12 दाबू?”

“नको! दाबलंत तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल. पेनड्राइव्ह काढून ठेवा.”