डीएनएचा पीळ आणि सह्याद्रीतला नरक्या

दोन पदरी सुंभाचे एक टोक खुंटीला घट्ट बांधले आणि दुसऱ्या टोकाकडून त्याचे पदर ओढून वेगळे करायला घेतले, तर पहिली वीतभर काम सहज होते. मग पुढचा सुंभ आवळू लागतो. उलगडलेल्या भागातला पीळ नाहीसा झालेला नसतो, तो खुंटीपर्यंत उरलेल्या लांबीत जाऊन साठलेला असतो. आणखी जोर लावला की सुंभ स्वतःभोवतीच वेटोळी घालतो आणि पदर पुढे सुटेनासे होतात.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूपुढे प्रत्येक विभाजनाच्या वेळी हीच अडचण उभी राहते, आणि तिचे प्रमाण चकित करणारे आहे. त्याचा डीएनए म्हणजे सुमारे ४६ लाख जोड्यांची एक बंद कडी. साडेदहा जोड्यांमागे दोन धाग्यांचा एक वेढा पूर्ण होतो, म्हणजे एकूण जवळपास ४ लाख ४० हजार वेढे. नक्कल करताना दोन्ही धागे पूर्ण सुटे व्हावे लागतात, त्यामुळे यातला एकही वेढा शिल्लक राहून चालत नाही. नकलेचे काम एका ठिकाणी सुरू होते आणि तिथून दोन फाटे विरुद्ध दिशांना निघतात. फाटा म्हणजे दोन धागे जिथे वेगळे होतात ती जागा. अनुकूल परिस्थितीत हे काम साधारण ४० मिनिटांत उरकते. हिशेब केला तर प्रत्येक फाट्यापुढचे ९० हून अधिक वेढे दर सेकंदाला सुटले पाहिजेत. मिनिटाला साडेपाच हजार. मोटारीचे इंजिन जोरात पळवल्यावर एवढे फेरे घेते.

डीएनए सबंध गरगर फिरवून हा पीळ काढता येत नाही. बंद कडीला मोकळे टोकच नसते. माणसाच्या गुणसूत्रांना टोके असतात, पण ती इतकी दूर असतात आणि मधला धागा इतक्या प्रथिनांना जखडलेला असतो की त्यांचा उपयोग होत नाही. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये दुहेरी मळसूत्राची रचना मांडली तेव्हाच ही अडचण मान्य केली होती. पुढच्याच वर्षी मॅक्स डेलब्रुक यांनी सुचवले, की धागे तुटत आणि पुन्हा जुळत असले पाहिजेत. आनुवंशिक मजकूर वाहणारा धागा पेशी रोज स्वतःच तोडत असेल, ही कल्पना त्या वेळी धाडसाची होती.

ती खरी निघाली. १९७१ मध्ये जेम्स वांग यांनी ई. कोलायमधून असे एक प्रथिन वेगळे केले, जे डीएनएचा एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते आणि धागा पुन्हा सांधते. आज त्याला टोपोआयसोमरेज-१ म्हणतात. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसरे प्रथिन सापडले, त्याचे नाव गायरेज. फाट्यापुढचा मुख्य भार हेच उचलते. गायरेज डीएनएचा एक तुकडा स्वतःभोवती गुंडाळून घेते, त्याचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून शेजारचा डीएनए पलीकडे नेते आणि फट बुजवते. यासाठी ते एटीपी हे पेशीचे इंधन खर्च करते. प्रत्येक खेपेला दोन वेढे कमी होतात. म्हणजे एका फाट्यापुढे सेकंदाला ४५ हून अधिक खेपा व्हायला हव्यात. एक गायरेज एकट्याने सेकंदाला एखाद-दोन खेपाच करू शकते. त्यामुळे फाट्यापुढे एकाच वेळी अनेक गायरेज कामाला लागलेली असतात. जिवंत जिवाणूंवर सूक्ष्मदर्शक रोखून केलेल्या मोजणीत प्रत्येक फाट्याजवळ सुमारे डझनभर आढळली.

शिवाय गायरेज एवढ्यावर थांबत नाही. जास्तीचा पीळ काढून झाला तरी ते काम चालूच ठेवते आणि डीएनएला नेहमीपेक्षा थोडा कमी, म्हणजे उणा पीळ देऊन ठेवते. असा सैलसर डीएनए उघडायला सोपा जातो.

नकलेचा प्रसंग पेशीच्या आयुष्यात एकदाच येतो. जनुकांचे वाचन मात्र अखंड चालते. आरएनए पॉलिमरेज हे यंत्र डीएनएवरून सरकत आरएनए तयार करते. ई. कोलायमध्ये ते सेकंदाला साधारण ४०-५० अक्षरे, म्हणजे चार-पाच वेढे पुढे जाते. मळसूत्रावरून सरकायचे तर एक तर यंत्राने डीएनएभोवती फिरायला हवे, नाहीतर डीएनएने स्वतःभोवती. यंत्राच्या मागे लांबत जाणारा आरएनए असतो आणि जिवाणूत त्यावर रायबोसोमही चढलेले असतात. एवढे लटांबर घेऊन ते गिरक्या घेऊ शकत नाही, त्यामुळे फिरणे डीएनएच्या वाट्याला येते. परिणामी यंत्रापुढे जास्तीचा पीळ साठतो आणि मागे तितकाच उणा. लेरॉय लिऊ आणि जेम्स वांग यांनी १९८७ मध्ये ही मांडणी केली.

त्यामागे एक कोडे होते. जिवाणूत मुख्य कडीखेरीज प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्या असतात. त्या बाहेर काढून जेलमध्ये विजेच्या प्रवाहाखाली पळवल्या, की पीळ असलेली कडी आटोपशीर होऊन पुढे जाते आणि सैल कडी रेंगाळते. जेलमध्ये क्लोरोक्वीन मिसळले तर पीळ उणा आहे की जास्तीचा हेही ओळखता येते, कारण क्लोरोक्वीनचे रेणू अक्षरांच्या मध्ये शिरून मळसूत्र थोडे उसवतात. त्यामुळे उण्या पिळाची कडी सैल पडते आणि जास्तीच्या पिळाची आणखी आवळते. निरोगी जिवाणूतल्या प्लाझ्मिडवर नेहमी उणा पीळ दिसतो. १९८३ मध्ये मात्र असे दिसले, की गायरेजला रोखणारे औषध दिल्यावर प्लाझ्मिड नुसते सैल पडत नाहीत, त्यांच्यावर जास्तीचा पीळ चढतो. गायरेज थांबले तर उणा पीळ घटेल हे समजण्यासारखे होते, पण जास्तीचा पीळ येतो कुठून?

लिऊ आणि वांग यांच्या मांडणीने हे कोडे सुटते. वाचन चालू असताना पुढचा जास्तीचा आणि मागचा उणा पीळ सारखाच असतो. कडी गोल आहे, म्हणजे दोन्ही एकमेकांना भेटून फिटायला हवेत. पण मागचा उणा पीळ टोपोआयसोमरेज-१ आधीच काढून टाकते. पुढचा काढणारे गायरेज औषधाने अडवलेले असेल, तर तो तसाच उरतो. उलट प्रयोगही झाला. टोपोआयसोमरेज-१ नसलेल्या जिवाणूत पुढचा पीळ गायरेज काढते, मागचा उणा पीळ साठत जातो आणि प्लाझ्मिडवर तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. अशा अती सैल डीएनएमध्ये नवा आरएनए परत शिरून चिकटून बसतो आणि पेशीची वाढ अडखळते. पिळाचा हिशेब दोन्ही बाजूंनी जुळावा लागतो, हे या दोन प्रयोगांनी एकत्र दाखवून दिले.

माणसाच्या पेशीत फाट्यापुढचा आणि वाचनाच्या वेळचा बराचसा पीळ टोपोआयसोमरेज-१ काढते. नाव तेच असले तरी हे प्रथिन जिवाणूतल्या प्रथिनापेक्षा वेगळ्या घडणीचे आहे. ते एक धागा कापते आणि कापलेले टोक स्वतःला रासायनिक बंधाने जोडून धरून ठेवते. दुसरे टोक अखंड धाग्याभोवती गरगर फिरते आणि साठलेला पीळ स्वतःच्याच ताणाने सुटतो. मग टोके पुन्हा जुळतात. एटीपी लागत नाही. धोका आहे तो काप आणि सांधा यांच्यामधल्या क्षणात, आणि त्या क्षणाशी महाराष्ट्राचे एक नाते आहे.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले. तिथे उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. हेच द्रव्य सह्याद्रीच्या जंगलातल्या नरक्या या छोट्या झाडातही भरपूर असल्याचे १९७२ मध्ये कळले. नरक्याचे लाकूड उग्र, दुर्गंधी असते. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही ‘फीटिडा’, म्हणजे घाण वासाचा, हाच शब्द आहे. या द्रव्यापायी पश्चिम घाटात नरक्याची अतोनात तोड झाली आणि ते झाड आता संकटात आहे, हे या गोष्टीचे दुखरे अंग.

औषध म्हणून कॅम्प्टोथेसिनची सुरुवात वाईट झाली. ते पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून त्याचे सोडियम लवण करून रुग्णांना दिले गेले. त्यात रेणूमधले एक महत्त्वाचे कडे उघडते आणि परिणाम बराच घटतो. रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि चाचण्या थांबल्या. हे द्रव्य टोपोआयसोमरेज-१ वर काम करते, हे १९८५ मध्ये लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले. पुढे पाण्यात विरघळणारी रूपे तयार झाली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही आज कर्करोगावर वापरली जाणारी औषधे त्यातूनच आली.

कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ ला बंद पाडून पेशी मारत नाही. यीस्टमधून या प्रथिनाचे जनुक काढून टाकले तरी यीस्ट जगते, कारण पिळाचे काम टोपोआयसोमरेज-२ सांभाळते. आणि अशा यीस्टवर औषधाचा परिणामच होत नाही. म्हणजे पेशी मरायला ते प्रथिन हजर असावे लागते. औषधाचा रेणू कापाच्या फटीत पाचरीसारखा बसतो आणि सांधा लांबवतो. औषध काढून घेतले की काही मिनिटांत टोके पुन्हा जुळतात, म्हणजे काप स्वतः फारसा घातक नाही. पण तेवढ्यात नकलेचा फाटा धावत तिथे पोहोचला, तर एका धाग्याचा काप डीएनएच्या पूर्ण तुकड्यात बदलतो. याचा पुरावाही साधा आहे. ॲफिडिकोलिन देऊन नक्कल आधीच थांबवली, तर त्याच मात्रेतल्या कॅम्प्टोथेसिनमधून बहुतेक पेशी वाचतात. औषधाची मर्यादाही यातूनच येते. जी पेशी त्या वेळी नक्कल करत नसते ती बरीचशी निसटते, आणि अस्थिमज्जा व आतडे यांतल्या सतत विभागणाऱ्या निरोगी पेशी मात्र सापडतात. म्हणूनच पांढऱ्या पेशी घटणे आणि जुलाब हे त्रास रुग्णांना होतात.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथील संशोधकांनी यात आणखी एक धागा जोडला. त्यांनी डीएनएचा एकच रेणू काचेला बांधला, त्याच्या वरच्या टोकाला सूक्ष्म चुंबकीय मणी लावला आणि चुंबक फिरवून त्याला हवा तसा पीळ दिला. मग टोपोआयसोमरेज-१ आणि टोपोटेकॅन सोडले. पीळ सुटला की मणी वर येतो, त्यामुळे वेग थेट मोजता येतो. औषधामुळे पीळ सुटणे मंदावले, आणि उण्या पिळापेक्षा जास्तीचा पीळ कितीतरी हळू सुटला. यीस्टच्या जिवंत पेशींतही औषध दिल्यावर जास्तीचा पीळ साठलेला दिसला. फाटा कापावर आदळतो हे तर खरेच, पण आदळण्याआधीच त्याच्यापुढचा सुंभ आवळत चाललेला असतो.