शेवटचे क्रियापद कोणाचे?

सहकारी पतसंस्थांच्या वार्षिक सभा बहुतेक सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि त्याआधी अहवालाची कच्ची प्रत टेबलाटेबलावर फिरत असते. आकडे दोनदोनदा ताडून पाहिले जातात. वाक्यांकडे तेवढे लक्ष जात नाही आणि मग असे एखादे वाक्य छापून येते:

‘ग्रामीण शाखांमधून दुग्धव्यवसाय व शेती अवजारांसाठी दिलेल्या कर्जांची थकबाकी, पावसाने ओढ दिलेल्या तालुक्यांतील कर्जे लक्षात घेता, मार्चअखेर वाढली आहेत.’

पटकन वाचले तर खटकत नाही. ‘वाढली’ हे रूप थकबाकीलाही चालते आणि कर्जांनाही: थकबाकी वाढली, कर्जे वाढली. चूक लपली आहे ती शेवटच्या ‘आहेत’मध्ये. वाढली आहे ती थकबाकी, आणि ती एकवचनी आहे. लिहिणाऱ्याच्या कानात मात्र जवळचे ‘कर्जे’ घुमत राहिले. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे ज्याच्याशी त्याचे नाते आहे ते नाम वाक्य लांबेल तसे मागे पडते आणि मधलेच कुणीतरी त्याची जागा घेते.

म्हणून असे वाक्य तपासायचे ते शेवटाकडून. आधी क्रियापदावर बोट ठेवावे आणि त्यालाच विचारावे: काय वाढले? उत्तराचे नाम बिनप्रत्ययाचे असले पाहिजे. शाखांमधून, अवजारांसाठी, कर्जांची, तालुक्यांतील या शब्दांना प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलेले आहे. ती नामे क्रियापदाचे लिंग-वचन ठरवू शकत नाहीत. एवढ्या एका कसोटीने मधली बहुतेक गर्दी हटते.

बहुतेक, सगळी नव्हे. ‘कर्जे’ बिनप्रत्ययाचे असूनही दावेदार नाही, कारण ते ‘लक्षात घेता’ या आतल्या क्रियेचे आहे. ‘वगळता’, ‘धरून’, ‘मिळाल्यानंतर’, ‘पाहता’ असे शब्द दिसले की त्यांच्यासकट तो सगळा तुकडा पेन्सिलीने खोडून उरलेले वाक्य वाचावे. हा तुकडा किती घातक ठरू शकतो ते बघा: ‘संस्थेची गुंतवणूक, जिल्हा बँकेतील ठेवी वगळता, कमी झाल्या आहेत.’ गुंतवणूक कमी झाली आहे आणि ठेवी त्यातून बाजूला काढल्या आहेत, असे सांगायचे होते. ‘झाल्या’मुळे सभासदाच्या कानावर ‘ठेवी कमी झाल्या’ एवढेच पडते. ज्या ठेवींना वगळले, त्यांच्याच नावावर घट जमा होते. तुकडा खोडला की ‘गुंतवणूक कमी झाल्या आहेत’ उरते आणि चूक उघडी पडते.

अहवालातली निम्मी वाक्ये ‘संचालक मंडळाने’ अशी सुरू होतात. तिथे ‘कोणी केले’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद बिनप्रत्ययाच्या कर्माप्रमाणे चालते. ‘संचालक मंडळाने दोन नवीन शाखा सुरू करण्याचा प्रस्ताव, कायदेशीर सल्लागारांची लेखी संमती मिळाल्यानंतर, मंजूर केली.’ इथे विचारायचे: काय मंजूर केले? संमती ‘मिळाल्यानंतर’ची, शाखा ‘सुरू करण्या’च्या. उरतो प्रस्ताव, म्हणून ‘मंजूर केला’.

याच वाक्यात पडताळ्याची आणखी एक सोय आहे. ‘करण्याचा’ यातला ‘चा’ प्रस्तावाकडे बोट दाखवतो आणि त्याची जोड ‘केला’तल्या ‘ला’शी जुळते. चा-ला, ची-ली, चे-ले, च्या-ल्या अशा या जोड्या आहेत. मुख्य नामाच्या लगेच आधी ‘चा’, ‘ची’ किंवा ‘चे’ असेल आणि शेवटी त्याची जोड नसेल, तर थांबून पुन्हा वाचावे. मात्र ‘ची-ली’ जुळली म्हणून निर्धास्त होऊ नये. ही जोड स्त्रीलिंगी एकवचनाला लागते तशी नपुंसकलिंगी अनेकवचनालाही लागते, आणि पहिल्या वाक्यातली थकबाकी याच फटीतून निसटली. तिथे ‘आहे’ की ‘आहेत’ हे वेगळे पाहावेच लागते. ‘च्या’वरही एकट्याने विसंबता येत नाही, पुढच्या नामाला प्रत्यय असला तरी ‘च्या’च येतो.

या कसोट्या हात टेकतात ते खरोखरच दोन दावेदार असतात तेव्हा. ‘सर्व शाखांतील ठेवी आणि महिला बचत गटांना झालेले कर्जवाटप वाढले आहे.’ लिंग-वचन वेगळे असले की क्रियापद शेवटच्या नामामागे नेण्याचा प्रघात आहे, त्यामुळे याला चूक म्हणता येत नाही. तरी ठेवी लोंबकळत राहतात. क्रम उलटवून ‘वाढल्या आहेत’ केले तर कर्जवाटप लोंबकळते. अशा वेळी क्रियापदाशी झटापट करण्यापेक्षा त्याला नवे नाम द्यावे: ‘सर्व शाखांतील ठेवी आणि महिला बचत गटांना झालेले कर्जवाटप या दोन्हींत वाढ झाली आहे.’ आता ‘झाली’ फक्त ‘वाढ’शी बांधलेली आहे, आणि ती त्याच्या अगदी शेजारी आहे.