पैसे पाठवले २,६०४ युरो, जमा झाले २,५८४

परदेशी पाहुण्यांचा गट महाराष्ट्रात आणणाऱ्या लहान टूर कंपन्यांचे पहिले भांडण बहुतेक वेळा वीस-पंचवीस युरोंवरून होते. पाहुणा म्हणतो, मी पूर्ण रक्कम पाठवली. कंपनी म्हणते, आम्हाला कमी मिळाली. दोघेही खरेच बोलत असतात. चूक असते ती पैसे मागणाऱ्या ईमेलमध्ये. त्यात खाते क्रमांक असतो, रक्कम असते, पण वाटेत कापल्या जाणाऱ्या पैशांचा भार कोणी उचलायचा हे कुठेच लिहिलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या एका कलाप्रेमी मंडळाचे १४ सभासद जानेवारी २०२७ मध्ये अजिंठा-वेरूळ पाहायला येणार आहेत. माणशी दर ६२० युरो, म्हणजे एकूण ८,६८० युरो. त्यातले ३० टक्के, २,६०४ युरो, आगाऊ आणि उरलेले ६,०७६ युरो नंतर.

पहिला प्रश्न चलनाचा. दर युरोत सांगितला असेल तर मागणीही युरोतच करावी, आणि ‘रक्कम युरोतच पाठवा, तुमच्या बँकेत रुपयांत बदलून घेऊ नका’ हे स्पष्ट लिहावे. नाहीतर पाहुण्याची बँक आपल्या दराने रुपये करून पाठवते आणि हिशेब दोन्हीकडे जुळत नाही. युरोत पैसे आले की रुपये आपली बँक करते. त्यासाठी ती जो टीटी बाइंग रेट लावते तो इंटरनेटवर दिसणाऱ्या दरापेक्षा कमी असतो. हॉटेल आणि बसचे पैसे आपण रुपयांत देतो, त्यामुळे दर ठरवतानाच बँकेचा रेट धरायला हवा. युरो एका रुपयाने घसरला तर या गटामागे ८,६८० रुपये कमी होतात. म्हणून कोटेशनवर ‘हा दर अमुक तारखेपर्यंत’ ही ओळ हवीच.

आता कापाकापी. जर्मनीतली बँक आणि आपली बँक यांचा थेट व्यवहार नसेल तर पैसे मधल्या एका-दोन बँकांमधून येतात आणि त्या आपले शुल्क रकमेतूनच काढून घेतात. पैसे पाठवताना फॉर्मवर तीन पर्याय असतात: OUR, SHA आणि BEN. OUR म्हणजे पाठवणाऱ्याने सगळे शुल्क वेगळे भरायचे. SHA म्हणजे त्याच्या बँकेचे त्याने आणि पुढचे आपण. BEN म्हणजे सगळेच आपल्या माथी. काही सांगितले नाही तर बहुतेक जण SHA वरच ठेवतात आणि २,६०४ चे २,५८४ होतात. ईमेलमध्ये OUR मागावे. मात्र OUR असूनही आपली बँक परदेशातून आलेल्या रकमेवर स्वतःचे शुल्क आणि त्यावर जीएसटी लावू शकते. ते आपण सोसायचे, पाहुण्याकडे मागायचे नाही.

गटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चौदा जणांनी आपापले १८६ युरो वेगवेगळे पाठवले आणि प्रत्येक वेळी २० युरो गेले, तर २८० युरो नुसत्या शुल्कात उडतात. शिवाय ‘एम. मुलर’ नावाने आलेले पैसे नेमके कोणाचे, हे शोधायला अर्धा दिवस जातो. एकाच खात्यातून एकच रक्कम मागावी.

बँकेच्या तपशिलात लोक आयएफएससी कोड देतात आणि स्विफ्ट कोड विसरतात. आयएफएससी देशांतर्गत व्यवहाराचा, परदेशी बँकेला तो पुरत नाही. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा असतो. SBININBB घ्या: पहिली चार अक्षरे स्टेट बँकेची, IN भारताचे आणि BB मुंबईचे. पुढे तीन अक्षरे असली तर ती शाखेची. कित्येक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, म्हणून कोणता द्यायचा हे शाखेलाच विचारावे. मधल्या बँकेचा तपशीलही चलनागणिक बदलतो. डॉलरसाठीची मधली बँक युरोच्या ईमेलमध्ये दिली तर पैसे अडकतात किंवा दोनदा बदलले जातात. आणि युरोपातला पाहुणा IBAN विचारणारच. भारतात IBAN नाही, साधा खाते क्रमांक वापरावा, हे आधीच लिहून टाकलेले बरे. खातेदाराचे नाव पासबुकावर आहे तसेच द्यावे. पाटीवरचे नाव वेगळे आणि खात्यावरचे वेगळे असेल तर बँक पैसे रोखू शकते.

मुदतीचे गणित मात्र सर्वांत नीट करायला हवे. समजा हॉटेलला उरलेले पैसे सोमवार, २८ डिसेंबर २०२६ रोजी द्यायचे आहेत. २५ तारखेला नाताळ, २६ ला चौथा शनिवार, २७ ला रविवार. तिन्ही दिवस इथल्या बँका बंद आणि युरोची मोठी यंत्रणाही बंद. पाहुण्याने २३ च्या संध्याकाळी पैसे पाठवले तर ते २८ ला हाती येतील याची शाश्वती नाही. शिवाय रक्कम आपल्या बँकेत पोहोचली तरी ती कशापोटी आली हे बँक विचारते. प्रवासासाठीचे P03 ने सुरू होणारे पर्पज कोड असतात. त्यातला योग्य कोड कळवेपर्यंत पैसे खात्यात दिसत नाहीत. म्हणून मुदत मंगळवार, २२ डिसेंबर ठेवावी आणि ती ‘पाठवण्याची’ आहे की ‘जमा होण्याची’ हे लिहावे. माझ्या मते मुदत जमा होण्याचीच हवी, पण दोन कामाचे दिवस आधी पैसे निघाल्याची स्विफ्ट कॉपी पाहुण्याने पाठवली असेल तर उशीर त्याच्या माथी मारू नये.

हे सगळे ईमेलमध्ये उतरते तेव्हा मजकूर साधारण असा होतो:

‘आपल्या १४ जणांच्या गटासाठी उरलेली रक्कम ६,०७६ युरो आहे. ती मंगळवार, २२ डिसेंबर २०२६ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ पर्यंत (जर्मनीत दुपारी दीड) आमच्या खात्यात जमा व्हावी. कृपया मंडळाच्या एकाच खात्यातून, युरोतच पाठवा आणि शुल्काचा पर्याय OUR निवडा. वाटेत काही रक्कम कापली गेली तर तेवढा फरक आम्ही कळवू आणि तो सहल सुरू होण्याआधी आपण द्यावा. संदेशाच्या जागी फक्त इनव्हॉइस क्रमांक लिहा. बँकेचा तपशील सोबतच्या इनव्हॉइसवर आहे. पैसे पाठवल्यावर स्विफ्ट कॉपी ईमेलने पाठवा. आमचा बँक तपशील आम्ही ईमेलने कधीही बदलून कळवत नाही. तसा ईमेल आला तर करारावर दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.’

शेवटची दोन वाक्ये वगळू नका. ईमेल खात्यात शिरून, मधेच ‘आमचे खाते बदलले आहे’ असा मजकूर पाठवून पैसे दुसरीकडे वळवण्याची फसवणूक जगभर चालते. आणि एकदा बाहेर गेलेले युरो परत मिळणे फार अवघड असते. फोन मात्र नव्या ईमेलमधल्या क्रमांकावर नव्हे, जुन्या करारावरच्याच क्रमांकावर करायचा.

पैसे आले की बँकेकडून परदेशातून रक्कम आल्याचे पत्र मागून घ्या, पुढे हिशेब तपासणीत ते लागते. आणि ईमेल पाठवण्याआधी चेकबुक उघडून दुसऱ्या माणसाला खाते क्रमांक मोठ्याने वाचायला लावा. एक अंक चुकला तर पैसे परत जातात, आणि परत जातानाही त्यातून शुल्क कापले जाते.