नऊ महिने शून्य, तीन महिने मागणी

सुट्या भागांच्या कोणत्याही गोदामात दोन तऱ्हेचा माल असतो. ऑइल फिल्टर, फॅन बेल्ट, ब्रेक लायनर यांचा उठाव रोजचा. महिन्याकाठी किती लागतील हे स्टोअरकीपर तोंडी सांगतो. दुसरा माल मागच्या रॅकवर धूळ खात बसलेला असतो. महिनोन्‌महिने त्याला कोणी हात लावत नाही, आणि एखाद्या दिवशी अचानक चार नगांची मागणी येते. तेव्हा रॅक रिकामा निघाला तर लाखोंचे यंत्र काही हजारांच्या भागासाठी उभे राहते. या मालाला स्टोअरच्या भाषेत ‘स्लो मूव्हिंग’ म्हणतात. त्याची मागणी किती धरायची, हा प्रश्न नेहमीच्या सरासरीने सुटत नाही. का सुटत नाही, हे जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ साली ‘ऑपरेशनल रिसर्च क्वार्टर्ली’ या ब्रिटिश नियतकालिकात दाखवून दिले आणि त्यावर एक साधा उपायही सुचवला. सुट्या भागांच्या संगणक-प्रणालींत आज ‘क्रॉस्टन पद्धत’ म्हणून तोच उपाय वापरात आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. खोदाई यंत्रांच्या एका वितरकाकडे हायड्रॉलिक पंपाची सील किट आहे. आधीच्या डिसेंबरात तिची मागणी झाली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात ५ नग गेले, जुलैत १ आणि डिसेंबरात ४. उरलेल्या नऊ महिन्यांत बिन कार्डावर शून्याखेरीज काही नाही. वर्षाचे मिळून १० नग, म्हणजे महिन्याला सरासरी ०.८३.

अशा नोंदींवरून पुढचा अंदाज काढण्याची रूढ पद्धत म्हणजे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग. अमेरिकेच्या रॉबर्ट ब्राउन यांनी ती १९५०च्या दशकात साठा-नियंत्रणासाठी रूढ केली. तिचा हिशेब सोपा आहे: दर महिन्याला जुन्या अंदाजाला ८० टक्के वजन द्यायचे आणि त्या महिन्याच्या प्रत्यक्ष मागणीला २० टक्के. हे २० टक्के वजन म्हणजे ०.२, ते कमीजास्त करता येते. रोज खपणाऱ्या फिल्टरसाठी ही पद्धत उत्तम चालते.

सील किटवर ती लावून पाहू. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज महिन्याला ०.७५ नग होता असे धरले, तर चार कोरड्या महिन्यांनंतर एप्रिलअखेर तो ०.३१ वर घसरतो. मे महिन्यात ५ नग जाताच १.२५ वर उडी घेतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर पुन्हा घसरगुंडी, ०.४१ पर्यंत. डिसेंबरची मागणी झाली की पुन्हा १.१३. या काळात ग्राहकांचे वागणे फारसे बदललेले नाही. अंदाज मात्र चौपट वरखाली झाला.

खरी मेख त्यापुढे आहे. स्टोअरकीपर नवी ऑर्डर कधी टाकतो? माल गेल्यावर. नऊ शून्य महिन्यांत रजिस्टर उघडण्याचे कारणच पडत नाही. म्हणजे निर्णय नेमका अशा क्षणी होतो, ज्या क्षणी अंदाज सर्वांत फुगलेला असतो. समजा एखाद्या भागाचा एकच नग दर सहा महिन्यांनी अगदी नेमाने जातो. त्याची खरी सरासरी महिन्याला ०.१७. पण प्रत्येक मागणीनंतर लगेच पाहिले तर ही पद्धत ०.२७ दाखवते, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त. क्रॉस्टन यांनी हाच दोष गणिताने मांडला. एकीकडे रॅकवर नको तितका माल साचतो, आणि दुसरीकडे मागणी येण्याच्या तोंडावर अंदाज तळाला गेलेला असतो.

त्यांचा उपाय असा की एका आकड्याऐवजी दोन आकडे सांभाळायचे. मागणी आली की सरासरी किती नगांची येते, हा पहिला. दोन मागण्यांत सरासरी किती महिने जातात, हा दुसरा. दोन्हींवर तेच स्मूदिंग करायचे, पण फक्त मागणी आलेल्या महिन्यात. शून्याच्या महिन्यात काहीही बदलायचे नाही. मग पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की महिन्याचा दर मिळतो.

सील किटचा आधीचा अनुभव ‘एका वेळी ३ नग, ४ महिन्यांनी’ असा धरू. मे महिन्यात ५ नग गेले, तेही पाच महिन्यांच्या खंडानंतर. नगांचा आकडा ३ वरून ३.४ होतो, खंडाचा ४ वरून ४.२. भागाकार ०.८१. जुलैत दोनच महिन्यांनी एक नग गेला: २.९२ भागिले ३.७६, म्हणजे ०.७८. डिसेंबरात पाच महिन्यांनी ४ नग: ३.१४ भागिले ४.०१, पुन्हा ०.७८. वजन तेच, नोंदी त्याच. तरी वर्षभर अंदाज ०.७५ आणि ०.८१ यांच्या दरम्यान राहिला.

पण हा भागाकारही पूर्ण निर्दोष नाही. अ‍ॅरिस सिंटेटोस आणि जॉन बॉयलन या अभ्यासकांनी २००१ साली दाखवले की क्रॉस्टन यांची पद्धत सरासरीने थोडा जास्तच अंदाज देते. कारण भागाकारातच दडलेले आहे. खरा खंड ४ महिन्यांचा असेल आणि नग ३ असतील, तर उत्तर ०.७५ यायला हवे. पण खंडाचा आपला अंदाज कधी ३ येतो, कधी ५. तीनने भागले तर १, पाचने भागले तर ०.६, दोन्हींची सरासरी ०.८. छेद जितका चुकून कमी होतो, त्याने उत्तर जास्त वाढते. तितकाच चुकून जास्त झाला, तर उत्तर त्या मानाने कमी घटते. त्यांनी २००५ साली सुचवलेली दुरुस्ती एका ओळीची आहे: उत्तराला ‘एक वजा वजनाचे निम्मे’ याने गुणायचे. वजन ०.२ असेल तर ०.९ ने. आपल्या किटचा ०.७८ मग ०.७० होतो. वजन ०.०५ सारखे लहान ठेवले तर ही चूक जेमतेम अडीच टक्क्यांची उरते, म्हणून तुरळक मागणीसाठी ०.०५ ते ०.२ एवढेच वजन वापरण्याचा प्रघात आहे.

दुसरा दोष व्यवहारात जास्त नडतो. शून्याच्या महिन्यात काही बदलायचे नाही, हा या पद्धतीचा गाभा. पण मागणी कायमचीच थांबली तर? जुने मॉडेल ग्राहकांनी भंगारात काढले, किट कोणी मागेनासे झाले. क्रॉस्टनचा अंदाज शेवटच्या मागणीपाशीच अडकून बसतो. दोन वर्षे एकही नग गेला नाही तरी संगणक महिन्याला ०.७८ सांगत राहतो, आणि डेड स्टॉक हिशेबात जिवंत दिसतो. टॉयंटर, सिंटेटोस आणि बाबाई यांनी २०११ साली यावर तोड काढली. खंडाऐवजी ‘या महिन्यात मागणी येण्याची शक्यता’ धरायची आणि ती दर महिन्याला, शून्य असले तरी, बदलायची. सुरुवातीची शक्यता ०.२५ आणि वजन ०.१ धरले, तर बारा कोऱ्या महिन्यांनंतर ती ०.०७ वर येते. नगांच्या आकड्याने गुणले की दर ०.२२. चोवीस महिन्यांनंतर दर ०.०६. ज्या गोदामात जुनी मॉडेले हळूहळू बाद होतात, तिथे ही सुधारित पद्धत हिताची ठरते.

अंदाज बरोबर आला की नाही, हे तपासतानाही फसगत होते. नेहमीची रीत म्हणजे दर महिन्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यांतला फरक मोजून बेरीज करणे. सील किटच्या बारा महिन्यांसाठी कोणी डोळे मिटून ‘शून्य’ असा अंदाज दिला, तर फरकांची बेरीज १० येते. ०.८ असा समंजस अंदाज दिला, तर बेरीज १४.८! म्हणजे या मोजपट्टीवर काहीही न साठवणारा स्टोअरकीपर सर्वांत हुशार ठरतो, आणि मे महिन्यात त्याच्याकडे द्यायला एकही किट नसते. टक्केवारीतली चूक काढायला जावे, तर शून्याने भागण्याची वेळ येते. टॉयंटर आणि डंकन यांनी २००९ साली ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या ५,००० सुट्या भागांच्या नोंदींवर हेच पाहिले. रूढ मोजपट्ट्यांवर शून्याचा अंदाज चांगला दिसला. पण किती साठा ठेवला आणि त्यातून किती मागण्या भागल्या असे तोलल्यावर क्रॉस्टन आणि तिच्या सुधारित पद्धती साध्या स्मूदिंगपेक्षा सरस ठरल्या.

ही पद्धत लावूच नये अशीही ठिकाणे आहेत. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. बंद काळात यंत्रे उघडून दुरुस्ती होते. त्या दुरुस्तीत लागणारे बेअरिंग वर्षातून एकदाच जाते आणि नोंदवहीत तुरळक मागणीसारखेच दिसते. पण ती मागणी यदृच्छेने येत नाही, कॅलेंडर पाहून येते. तिला दुरुस्तीच्या यादीतून आधीच वेगळे काढावे लागते. क्रॉस्टनसाठी उरते ती अवचित मोडतोडीची मागणी.

शिवाय ०.७० किंवा ०.७८ हा दर आहे, किती नग ठेवायचे याचे उत्तर नव्हे. समजा नवी किट यायला चार महिने लागतात. दर चारने गुणला की तीनच्या आसपास नग येतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण कोणत्याही महिन्यात मागणी येण्याची शक्यता पाव धरली, तर चारही महिने कोरडे जाण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के निघते. एकाच महिन्यात मागणी येण्याची ४२ टक्के. दोन किंवा अधिक महिन्यांत येण्याची २६ टक्के, आणि तेव्हा सहाएक किटची गरज पडते. तीन किट ठेवणारा वितरक जवळपास दर चौथ्या खेपेला उणा पडेल. सहा ठेवणाऱ्याचे पैसे बऱ्याचदा रॅकवर अडकून राहतील. यांतले काय पत्करायचे, हे किटची किंमत आणि एक दिवस उभ्या राहिलेल्या यंत्राचे भाडे शेजारी शेजारी मांडून वितरकालाच ठरवावे लागते.