विसर्ग की कोलन, ळ की ऴ?

गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर शोभेल अशी एक ओळ उदाहरणासाठी घेऊ.

विषयः सभासदांनी स्वत: बॅंकेत वेऴेवर यावे.

वाचताना कुठे अडखळायला होत नाही, अर्थही लगेच कळतो. तरी या ओळीत तीन चिन्हे चुकीची आहेत आणि चौथ्याबद्दल वाद घालता येईल. कागदावर छापून लावायची असेल तर फारसे बिघडणार नाही. पण तीच ओळ फाइलीत साठवली आणि पुढे कुणी ‘स्वतः’ किंवा ‘वेळेवर’ हे शब्द शोधले, तर अक्षरशः तुलना करणारा शोध तिला ओलांडून जाईल. संगणक आकार पाहत नाही, प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक पाहतो.

सुरुवात पहिल्या शब्दापासून. ‘विषय’नंतर विसर्ग आला आहे, तिथे हवा होता अपूर्णविराम, म्हणजे कोलन. पुढच्या ‘स्वत:’मध्ये नेमके उलटे झाले आहे. विसर्ग हवा होता तिथे कोलन बसला आहे. विसर्गाचा क्रमांक 0903 आणि कोलनचा 003A. विसर्ग देवनागरीचा, कोलन इंग्रजी विरामचिन्हांतला.

हा गोंधळ दोन्ही दिशांनी होतो, याला टंकणाऱ्याच्या निष्काळजीपणापेक्षा कळफलकाची रचना अधिक जबाबदार आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत, इंग्रजीत ज्या कळीवर अर्धविराम आणि कोलन असतात, तिथे च आणि छ आहेत. म्हणजे मराठी टंकताना कोलन हाताशी नसतो, त्यासाठी इंग्रजीत जावे लागते. विसर्ग मात्र शिफ्ट आणि आडव्या रेघेच्या कळीवर तयार असतो. ‘विषय’, ‘वेळ’, ‘स्थळ’ यांच्यापुढे घाईत तोच दाबला जातो. मोबाइलवर परिस्थिती फिरते. तिथे कोलन चिन्हांच्या पानावर पटकन दिसतो, विसर्ग शोधावा लागतो, म्हणून ‘दु:ख’ आणि ‘अंत:करण’ कोलन घेऊन येतात.

‘स्वतः’ इनस्क्रिप्टमध्ये असा टंकावा: स, हलन्त, व, त आणि शेवटी विसर्ग. इंग्रजी कळफलकाच्या भाषेत कळा अशा:

```
mdbl_
```

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या आयट्रान्स पद्धतीत विसर्गासाठी मोठा H असतो, म्हणून svataH. शब्द सुचवणाऱ्या मोबाइल कीबोर्डवर swatah लिहून सुचवलेल्या शब्दांतला ‘स्वतः’ निवडावा. ‘स्वत’ निवडून पुढे कोलन जोडू नये.

नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असेल तर बाणाची कळ वापरावी. ‘त’च्या आधी कर्सर ठेवून उजवा बाण एकदा दाबला की विसर्ग असल्यास कर्सर ‘तः’ एका उडीत ओलांडतो. कोलन असेल तर तो ‘त’नंतर थांबतो. विंडोजवरच्या वर्डमध्ये याहून पक्की खूण मिळते. चिन्हानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि X दाबले की त्याचा क्रमांक दिसतो, पुन्हा दाबले की चिन्ह परत येते.

आता ‘बॅंकेत’. मराठीच्या प्रमाण लेखनात अनुनासिक उच्चारांची टिंबे बहुतांशी गळाली. हिंदीत ‘चाँद’, ‘हँसना’ यांत चंद्रबिंदू लागतो. मराठीत तसा आकार दिसतो तो मुख्यतः ‘बँक’, ‘हँडल’, ‘कँटीन’ अशा इंग्रजीतून आलेल्या शब्दांत. म्हणजे उच्चाराच्या दृष्टीने तो अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी जोडी आहे, पण दिसतो चंद्रबिंदूसारखा. त्यामुळे कुणी एकच चिन्ह टंकतो, 0901, तर कुणी अर्धचंद्र 0945 आणि त्यावर अनुस्वार 0902. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे उमटतात, काहींत जोडीतले टिंब किंचित उजवीकडे सरकलेले दिसते. युनिकोड मात्र या दोहोंना समान मानत नाही.

जोडीच्या बाजूने उच्चाराचा दाखला आहे, तो खोटा नाही. तरीही एकच चिन्ह वापरणे सोयीचे. त्यात क्रम चुकण्याची भीती नसते आणि ‘बँक’ असे रूप रूढही आहे. इनस्क्रिप्टमध्ये X वर अनुस्वार, शिफ्ट आणि X वर चंद्रबिंदू, तर शिफ्ट आणि 2 वर नुसता अर्धचंद्र मिळतो, ‘बॅट’मधला. आयट्रान्समध्ये अनुस्वाराला M आणि चंद्रबिंदूला .N लिहितात. आधीच्या मजकुरात कोणते रूप आहे ते बॅकस्पेस सांगते. ‘बँ’नंतर एकदा दाबल्यावर ‘ब’ उरला तर चंद्रबिंदू होता, ‘बॅ’ उरला तर जोडी.

बॅकस्पेसची ही सवय अनुस्वारालाही उपयोगी आहे, कारण त्याच्या बाबतीत खरी चूक क्रमाची असते. आधी मात्रा, मग टिंब. ‘किंवा’ म्हणजे kfxbe. टिंब आधी देऊन kxfbe टंकले तर वेलांटी अक्षराला न चिकटता बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. ते वर्तुळ दिसले की मागे जाऊन क्रम तपासावा, फॉन्टला दोष देऊ नये.

राहिला ‘वेऴेवर’. यातल्या ळ खाली एक नुक्ता आहे, लहान टायपात तो धुळीच्या कणाइतकाही जाणवत नाही. हे वेगळे अक्षर आहे, 0934, आणि तमिळ-मलयाळममधला एक विशिष्ट उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी आहे. मराठीचा ळ म्हणजे 0933. इनस्क्रिप्टच्या मूळ मांडणीत ळ शिफ्ट आणि N वर, तर ऴ शेजारच्याच B वर शिफ्टसह आहे. बोट एका कळीने सरकले की काम बिघडते. पानाचा आकार २०० टक्के केला की नुक्ता उघडा पडतो. रोमन लिपीतून टंकणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. vel लिहिले की ‘वेल’ आणि ‘वेळ’ दोन्ही संभवतात, kal मधून ‘काल’ही होतो आणि ‘काळ’ही. शब्द तपासणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही बरोबर वाटतात. म्हणून इथे वाक्य वाचूनच निवडावे लागते. आयट्रान्समध्ये मोठा L दिल्यावर हा प्रश्न उरत नाही.

जुना मजकूर दुरुस्त करताना ऴ चा ळ एका फटक्यात करता येतो, तमिळ नावे नसतील तर. कोलनचे तसे नाही. सगळे कोलन विसर्गात बदलले तर ‘वेळ: सकाळी १०:३०’चीही वाट लागेल. लिब्रेऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’ खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा पर्याय सुरू करून हा नमुना द्यावा आणि बदली म्हणून ः टाकावे:

```
(?<=[\u0900-\u097F]):(?=[\u0915-\u0939])
```

दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला आणि पुढे लगेच व्यंजन असलेला कोलनच यात सापडतो. म्हणून ‘दु:ख’, ‘नि:शुल्क’, ‘अंत:करण’ सुधारतात आणि १०:३० जसेच्या तसे राहते. ‘वेळ:दुपारी’ असे जागा न सोडता लिहिलेले असेल तर तेही बदलेल, त्यामुळे ‘सर्व बदला’ऐवजी एकेक पाहत जावे. शब्दाच्या शेवटचा कोलन हा नमुना पकडतच नाही. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘पुन:’ हे नेहमीचे शब्द स्वतंत्रपणे शोधून बदलावेत, आणि ‘विषयः’, ‘स्थळः’ यांतला विसर्ग काढून तिथे कोलन ठेवावा.